शब्दचर्चा: ‘पहिला तडा’ की ‘पहिली तडतड’?

नवशिका: घरी कॉफीचे हिरवे दाणे भाजायला लागलो आहे. हाताशी असलेल्या मराठी टिपणात लिहिलं होतं, ‘पहिला तडा गेल्यावर दीड मिनिटाने दाणे उतरवा.’ १०० ग्रॅम दाणे जाड बुडाच्या कढईत घेतले आणि तडा कुठे दिसतो ते पाहत बसलो. चौदाव्या मिनिटाला दाणे काळे आणि तेलकट झाले, घरभर धूर. वजन भरलं ७९ ग्रॅम. तडा काही दिसला नाही. म्हणजे नेमकं काय पाहायचं होतं?

रेघोटी: अहो, प्रत्येक दाण्याच्या सपाट बाजूला मधोमध चीर असते, तोच तडा. ती रुंदावली की भाजून झालं.

कानसेन: रेघोटी, ती चीर तर हिरव्या दाण्यालाही असते. भाजताना ती थोडी उघडते हे खरं, पण तिच्यावरून वेळ ठरत नाही. नवशिका, तुमचा घोटाळा शब्दाने केलाय. ‘तडा’ म्हटलं की भिंत नाहीतर काच डोळ्यांपुढे येते, म्हणजे बघायची गोष्ट. इथे ऐकायचं असतं. म्हणून मी ‘पहिली तडतड’ म्हणतो. लाही फुटावी तसा सुटा, टणक आवाज येतो. दाण्याचं तापमान १९६ अंशांच्या आसपास गेलं की तो सुरू होतो.

वाफाळ: बरोबर. दाण्यातलं पाणी संपलं की तो तडकतो.

कानसेन: अर्धंच बरोबर. पाणी पहिल्या मिनिटापासून उडत असतं. म्हणून तर दाणा आधी फिकट होतो, मग पिवळा, आणि ओल्या गवताचा वास जाऊन भाजलेल्या पावासारखा वास येतो. तडतडतो तो उरलेल्या पाण्याच्या वाफेचा आणि आत तयार झालेल्या वायूचा दाब भिंतींना पेलेनासा झाला की. पाणी संपलेलं असतं तर वाफ आली कुठून?

वाफाळ: मान्य. पण मग दुसऱ्या आवाजाला काय म्हणायचं? तोही तडतडच ना?

कानसेन: नाही, तो बारीक आणि दाट असतो, काटक्या पेटल्यासारखा. मी त्याला ‘चुरचुर’ म्हणतो. तोवर दाणा ठिसूळ झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने त्याच्या भिंती फुटत असतात. तापमान २२५ अंशांच्या आगेमागे. त्याच सुमाराला तेल वर यायला लागतं. नवशिका, तुमचे दाणे या चुरचुरीच्याही पुढे गेले. १०० चे ७९ ग्रॅम म्हणजे २१ टक्के घट. मध्यम भाजणीत ती साधारण १४ ते १६ टक्के असते.

पंखा: माझ्या हवेच्या यंत्रात दोन्ही आवाज ऐकूच येत नाहीत. पंख्याची घरघर, वर दाणे भांड्यावर आपटतात ती टकटक. मी नुसत्या रंगावर थांबतो आणि दर वेळी वेगळी कॉफी होते. शब्द कुठलाही असू द्या, ऐकायचं कसं?

कानसेन: टकटक पहिल्यापासून असते आणि दाणे हलके, फुगीर होत जातात तशी बदलते, पण ती एका लयीत असते. तडतड त्या लयीत बसत नाही. कान धुराड्याच्या बाजूला न्या, तोंड मात्र वर नेऊ नका, फोलपटं उडतात. कॅफिन काढलेले दाणे असतील तर आवाज मुळातच मंद येतो, मग रंग आणि वास यांच्यावरच जावं लागतं.

नवशिका: आज पुन्हा केलं. १०० ग्रॅम, मध्यम आच, हात सतत हलता. सात मिनिटांनी दोन-तीन आवाज आले. घाईने घड्याळ लावलं, पण पुढे शांतता! दाणे पाहिले तर काहींवर काळे डाग, बाकीचे अजून फिकट तपकिरी. घड्याळ सोडून दिलं. साडेनवाला मात्र एकामागून एक सुरू झाले. अकराला उतरवून चाळणीत ओतले, पंख्याखाली तीन मिनिटांत गार. वजन ८६.

कानसेन: उत्तम. ते सुटे आवाज बुडाला चिकटून करपलेल्या दाण्यांचे. कढईत हे होतंच, उष्णता सगळ्यांना सारखी मिळत नाही. तडतड ‘लागली’ असं म्हणायचं ते सलग ऐकू यायला लागल्यावरच.

वाफाळ: हे पटत नाही. हवेच्या यंत्रात दाणे एकसारखे तापतात, मी पहिल्याच आवाजापासून मोजतो आणि ठीक जमतं. शिवाय ‘तडतड लागली’? ‘तडतड सुरू झाली’ म्हणा.

कानसेन: पाऊस ‘लागतो’ तशी लागते. एखाद-दोन थेंबांना आपण पाऊस लागला म्हणतो का?

रेघोटी: माझी चीर मात्र या वेळी बरीच उघडली होती का, नवशिका?

नवशिका: बघायचं विसरलो. ऐकत होतो.