'किरकोळ दुरुस्त्या' लिहिलं की संपलं?

उंटावरचा_शहाणा: अ‍ॅपच्या दर अपडेटला सविस्तर नोट्स लिहा म्हणून मागे लागणाऱ्यांनो, वाचतं कोण? फोन रात्री आपोआप अपडेट होतो. 'किरकोळ दुरुस्त्या' टाकायचं नि मोकळं व्हायचं. ज्याला खाज आहे त्याने चेंजलॉग बघावा.

खतावणी: वाचतं कोण? ज्याचं काहीतरी अडलंय तो वाचतो. किराणा दुकानदारांच्या उधारीच्या अ‍ॅपवर काम करते मी. एका व्हर्जनमध्ये ३१ मार्चची बाकी नव्या वर्षात पुढे ओढली जात नव्हती. डेव्हलपरने दिलेली ओळ ही:

```
fix: opening balance null after FY rollover
```

ही चेंजलॉगमध्ये ठीक आहे, पण दुकानदाराला काय कप्पाळ कळणार. आम्ही लिहिलं: "१ एप्रिलनंतर काही गिऱ्हाइकांची जुनी बाकी शून्य दिसत होती, आता बरोबर दिसेल. तुमच्या नोंदी जशाच्या तशा आहेत. १ एप्रिलनंतर कोणाला हिशेब पाठवला असेल तर पुन्हा काढून पाठवा." काय दिसत होतं, नोंदी शाबूत आहेत का, आता त्याने काय करायचं, बस. प्ले स्टोअरवर एका भाषेला ५०० अक्षरंच मिळतात, म्हणून हेच सगळ्यात वर, डार्क मोडचं कौतुक नंतर.

उंटावरचा_शहाणा: म्हणजे आमचा हिशेब चुकत होता हे स्वतःच दवंडी पिटून सांगायचं? धन्य.

खतावणी: दुकानदाराला ते गिऱ्हाइकाकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

गच्चीवरून: ते सगळं राहू द्या हो, आधी बटणं हलवणं बंद करा!! माझे वडील ७४ वर्षांचे, वीजबिल भरायच्या अ‍ॅपात पावतीचं बटण खाली होतं ते वर तीन टिंबांत नेऊन ठेवलं, आणि नोटमध्ये काय तर 'अधिक सुटसुटीत अनुभव', बिचारे तासभर शोधत बसले आणि शेवटी मलाच फोन.

चहा_कमी_साखर: +१. आमच्या बँकेनेपण हेच केलं. चिडून अ‍ॅपच काढून टाकलं.

उंटावरचा_शहाणा: विषय नोट्सचा आहे, बटणांचा नाही.

गच्चीवरून: अहो, बटण कुठे गेलं हे लिहिणं म्हणजेच नोट ना! 'पावती आता वर उजवीकडे तीन टिंबांत' एवढं लिहायला हात दुखतात का?

खतावणी: बरोबर, पण नुसत्या स्टोअरच्या नोटने तुमच्या वडिलांचं भागलं नसतं. अपडेट आपोआप झालं की ते पान उघडतंच कोण, तिथे उंटावरचे साहेब चुकत नाहीत. जागा हलवली तर जुन्या जागीच काही दिवस बाण दाखवावा लागतो. आणखी एक, नवं फीचर सर्व्हरवरून टप्प्याटप्प्याने चालू करत असाल तर सगळ्यांना मिळेपर्यंत नोटमध्ये घालू नका, नाहीतर 'मला दिसत नाही' म्हणून दिवसभर फोन.

उंटावरचा_शहाणा: चला, 'साहेब चुकत नाहीत' एवढं तरी पदरात पडलं. पैशाचा हिशेब चुकला तर लिहीन, बाकी माझं 'किरकोळ दुरुस्त्या' कायम.

गच्चीवरून: आणि बटण हलवलंत तर?

उंटावरचा_शहाणा: ते डिझायनरला विचारा.