अंडाशयं काढली, आता हॉर्मोन घ्यावेत की नाही? मदत हवी आहे

झोपमोड: ऑपरेशनला दोनेक महिने झाले. रात्री घामाने उशी ओली होते, झोपेचं खोबरं झालंय. एक डॉक्टर म्हणतात जेल लावा, दुसरे म्हणतात हॉर्मोनच्या वाटेला जाऊ नका. वय 39. कुणाचं ऐकू? लेक्चर नको, नेमकं सांगा.

रेवा: नेमकं काय काढलं? जीनमधला दोष कोणता, बीआरसीए-1 की 2? स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय का? गर्भाशय आहे?

नाना: जीनच खराब असताना हॉर्मोन म्हणजे आगीत तेल. माझ्या बहिणीला साफ मनाई होती.

झोपमोड: अंडाशयं आणि नळ्या, दोन्ही बाजूंच्या. बीआरसीए-1. कॅन्सर आईला होता, मला नाही.

रेवा: नाना, बहिणीला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला होता का?

नाना: हो. मग?

रेवा: मग तिला मनाई बरोबरच होती. पण ह्यांना कॅन्सर झालेलाच नाही. अशा बाईची पाळी 39 ला एकदम बंद पडली की हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोन देतात. आतापर्यंतच्या अभ्यासांत त्यामुळे अशा बायकांचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही. झोपमोड, गर्भाशयाचं राहिलं.

पल्लवी: मुळात अंडाशयं काढायचीच कशाला? आधी फक्त नळ्या काढायच्या, अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.

रेवा: सुरुवातीचं खरं आहे. पण बीआरसीए असताना नुसत्या नळ्या काढून भागतं का, ह्याच्या चाचण्या अजून चालू आहेत. आणि ह्यांचं तर सगळं काढून झालंय.

झोपमोड: गर्भाशय आहे. जेल सुरूच केलंय, रोज लावते. सोबत दुसरं काही दिलेलं नाही.

रेवा: इथेच घोळ आहे! जेलमध्ये फक्त इस्ट्रोजेन असतं. गर्भाशय असताना तेवढंच घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे तिथेच कॅन्सरचा धोका. जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, रात्रीची कॅप्सूल किंवा हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू. ह्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा. जेल लावूनही घाम येतोय म्हणजे मात्रा कमी पडत असेल. पन्नाशीतल्या बाईची मात्रा ह्या वयाला बऱ्याचदा पुरत नाही. पण ती स्वतःहून वाढवू नका.

पल्लवी: पण स्तनाला जास्त धोका प्रोजेस्टेरॉनचाच ना? म्हणून काहीजणी गर्भाशयही काढतात.

रेवा: काढतात. त्यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

नाना: माझ्या बहिणीला व्हेन्लाफॅक्सिनच्या गोळ्यांनी घाम बराच कमी झाला, हॉर्मोनशिवाय.

रेवा: घामाला चालतं, हाडांना त्याचा उपयोग नाही. हाडांची डेक्सा तपासणी केलीत का, झोपमोड?

झोपमोड: ते काय असतं? कुणी सांगितलंच नाही.