प्रतिसाद: राज्यसेवेचा नवा पॅटर्न आणि उरलेले चार महिने

"सहा महिने नुसते एमसीक्यू सोडवले. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक. उरलेल्या चार महिन्यांचं काय करू?"

आधी वेळापत्रक फाडू नका. पूर्वपरीक्षा बहुपर्यायीच आहे आणि सीसॅटला फक्त ३३ टक्के लागतात, म्हणजे तुमचे सहा महिने तिथे वसूल होतात. बदल मुख्य परीक्षेत आहे: नऊ पेपर, पण गुणवत्तेत धरतात सातच, प्रत्येकी २५०. मराठी आणि इंग्रजीचे ३०० गुणांचे दोन पेपर २५ टक्क्यांनी पात्र व्हायचे. त्यांना आठवड्यातून एक तास पुष्कळ.

मी फसलो ते वैकल्पिक विषयात. त्याचे दोन पेपर, ५०० गुण, आणि जुन्या पॅटर्नमध्ये तो नव्हताच, त्यामुळे माझ्या योजनेत त्याला जागाच नव्हती. रत्नागिरीच्या अभ्यासिकेत बसून मी चालू घडामोडींचे रोजचे दोन तास एकावर आणले आणि सकाळचे तीन तास भूगोलाला दिले.

दुसरं, हात. तीन तासांत २५० गुण म्हणजे दहा गुणांना जेमतेम सात मिनिटं. 'जांभा खडकाचा कोकणच्या शेतीवर परिणाम' लिहायला बसलो तर पहिल्या दिवशी अठरा मिनिटं गेली, तीही निम्मी प्रस्तावनेत. (पावसात वही दमट, पेन उमटेना, ते वेगळंच.) मग रोज दोनच उत्तरं, मोबाईलवर टायमर लावून, प्रस्तावना दोन ओळींत. पाठ केलेली कलमं आणि सनावळी इथे उदाहरण म्हणून कामी आली. पूर्वपरीक्षेच्या आधीचे सहा आठवडे मात्र लेखन बंद ठेवा, फक्त सराव पेपर.