मदत हवी आहे: एथिक्स कमिटीच्या शंकांना मुद्देसूद उत्तर लिहायचंय (घरकामगार बायकांमधला ॲनिमिया)

घणसोलीची_पीजी

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनची पीजी आहे. थिसिसचा विषय घरकाम करणाऱ्या बायकांमधला ॲनिमिया. मूळ प्रोटोकॉल असा होता: ऐरोली-कोपरखैरणेच्या मोठ्या सोसायट्यांच्या गेटवरच्या रजिस्टरमधून कामवाल्या मावशींची नावं घ्यायची, त्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड करायची आणि सोसायटीच्या ऑफिसात बसून संमती आणि 2 मिलि रक्त घ्यायचं. कमिटीचं पत्र आलं. बाकीच्या शंका किरकोळ आहेत, या चार अडल्यात:

शंका 1: गेटच्या रजिस्टरमधली नावं आणि मोबाइल नंबर तुम्हाला द्यायला त्या बायकांनी होकार दिलाय का?
शंका 2: सोसायटीच्या ऑफिसात घेतलेली संमती ऐच्छिक कशी मानायची?
शंका 3: माहितीपत्रकात 'उरलेले रक्त पुढील संशोधनासाठी वापरले जाऊ शकते' असं आहे. कुठलं संशोधन?
शंका 4: सहभागी ज्या घरांत काम करतात त्या घरमालकांची लेखी परवानगी जोडा.

गाइड मॅडमशी बोलून रजिस्टर पूर्ण सोडायचं ठरलंय. दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये जाऊन घरोघरी निवड करायची, वय 18 ते 49. आता तीन प्रश्न. सॅम्पल साइज तोच ठेवता येईल का? (राज्याचा एनएफएचएस-5 चा आकडा 54 टक्के, प्रिसिजन 7 टक्के धरून 195 आला होता.) शंका 4 पटत नाही, नाही म्हणता येतं का? आणि उत्तराचं पत्र नेमकं कसं मांडायचं?

कळवा_ओपीडी

ताई, एवढा त्रास कशाला? आम्ही मागच्या वर्षी ॲनिमियाचाच अभ्यास केला, कन्सेंट वेव्हर मागितला आणि मिळाला. मिनिमल रिस्क आहे असं लिहा आणि संमतीपत्रच काढून टाका, म्हणजे शंका 1 ते 3 आपोआप मिटतील.

घणसोलीची_पीजी

तुमच्या अभ्यासात पेशंटना भेटला होतात का?

कळवा_ओपीडी

नाही, जुने केसपेपर होते. नावं काढून आकडे घेतले.

माजी_सचिव_ठाणे

मग दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या, डॉक्टर. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वेव्हरची वाट आहे ती तुमच्यासारख्या कामासाठी, जिथे ओळख पुसलेली माहिती मागे वळून तपासायची असते. इथे समोर बाई बसलीय आणि तिच्या दंडाला टूर्निके बांधायचा आहे. तिला विचारण्याची संधी हातात असताना विचारणार नाही म्हणणं कुठलीच कमिटी मान्य करणार नाही.

पीजी ताई, मी बरीच वर्षं एका कमिटीचा सदस्य सचिव होतो. पत्राच्या मांडणीपासून सुरू करतो, कारण निम्मी पत्रं तिथेच परत जातात. 'सूचनेनुसार बदल केला आहे' एवढंच लिहू नका. त्यातून सदस्याला काहीच कळत नाही, त्याला साठ पानं पुन्हा चाळावी लागतात. कमिटीची शंका तिच्याच शब्दांत जशीच्या तशी उतरवा. खाली तुमचं उत्तर. त्याखाली जुनं वाक्य, नवं वाक्य, आणि ते कुठल्या कागदात, कुठल्या पानावर, कुठल्या व्हर्जनमध्ये आहे. सोबत बदल दिसणारी एक प्रत आणि एक स्वच्छ प्रत. प्रोटोकॉल, माहितीपत्रक आणि संमतीपत्र यांच्या तळाला नवा व्हर्जन नंबर आणि तारीख हवी, नाहीतर मंजुरीच्या पत्रात जुन्याच व्हर्जनचं नाव येतं आणि फील्डवर नवा कागद वापरणं हेच उल्लंघन ठरतं.

तुमच्या बाबतीत खरी जोखीम वेगळीच आहे. सॅम्पलिंग बदललं की तो बदल सगळ्या कागदांत झिरपावा लागतो. इंग्रजी प्रोटोकॉल सुधारला जातो, पण मराठी-हिंदी माहितीपत्रकं तशीच राहतात. तुमच्या मराठी माहितीपत्रकात 'आपले नाव आम्हाला कसे मिळाले' असा भाग असेल, तो आधी उघडून बघा.

घणसोलीची_पीजी

उघडला. 'आपण ज्या सोसायटीत काम करता तेथील नोंदीवरून आपली निवड झाली आहे' असं वाक्य दोन्ही भाषांत आहे. आता असं करतेय: 'आम्ही या वस्तीतल्या घरांना क्रमाने भेट देत आहोत. आपण घरकाम करता का, हे आम्ही आपल्यालाच विचारत आहोत. आपण कुठे काम करता हे आम्ही विचारणार नाही आणि लिहिणार नाही.' केस रेकॉर्ड फॉर्ममध्ये 'सोसायटीचे नाव' असा रकाना होता, तोही काढते.

माजी_सचिव_ठाणे

रकान्याचंही पत्रात लिहा. शंका 1 चं ते सर्वांत भक्कम उत्तर आहे.

आकडेमोड

सॅम्पल साइज तोच चालणार नाही. 195 हा सिंपल रँडमचा आकडा आहे. तुम्ही आता वस्त्या निवडताय, म्हणजे क्लस्टर. एका वस्तीतल्या बायका खाण्यापिण्यात, गावाकडच्या सवयींत एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे डिझाइन इफेक्ट 1.5 धरा. 195 चे 293 होतात. त्यावर 10 टक्के नकार धरले की 322 किंवा 323. फिरणं वाचवायला 15 वस्त्या घ्या, प्रत्येकी 22 बायका, 330 झाल्या. काम झालं.

माजी_सचिव_ठाणे

1.5 बरोबर आहे, पण तो कुठून आला हे कमिटीतला संख्याशास्त्रज्ञ विचारणारच. सूत्र छोटं आहे:

```
DEFF = 1 + (m - 1) × ICC
```

`m` म्हणजे एका वस्तीतल्या बायका. `ICC` 0.05 धरला तर वस्तीमागे 11 बायकांना 1.5 येतो. वस्तीमागे 22 केल्या की तोच 2.05 होतो, मग नकार धरायच्या आधीच 400 बायका लागतात, म्हणजे 15 वस्त्यांत 330 घेऊन भागत नाही. वस्त्या कमी करून फिरणं वाचत नाही, उलट रक्ताच्या नळ्या वाढतात.

दुसरं, नकारासाठी 10 टक्के मिळवायचे नसतात, 0.9 ने भागायचं असतं. 293 भागिले 0.9, म्हणजे 326. तुम्ही 30 वस्त्या आणि प्रत्येकी 11 घ्या, 330 होतात. वस्त्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा, म्हणजे मोठ्या वस्तीला निवडलं जाण्याची संधी तेवढी जास्त. आणि नकार देणाऱ्या बाईच्या जागी शेजारची घ्यायची नाही, हे प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा.

आकडेमोड

भागण्याचा मुद्दा मान्य. पण 0.05 तरी कशावरून? तो 0.1 निघाला तर?

माजी_सचिव_ठाणे

तर 11 बायकांनाही 2 येईल आणि तुमचा अंदाज 7 ऐवजी साधारण 8 टक्क्यांच्या आगेमागे राहील. हे गृहीतक आहे असं स्पष्ट लिहा आणि विश्लेषणात प्रत्यक्ष आलेला डिझाइन इफेक्ट छापण्याचं कबूल करा. शक्य असेल तर आधीच्या एखाद्या वस्ती पाहणीतून आकडा मिळवा.

तुर्भे_नाका

मी डॉक्टर नाही, वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करते. दोन गोष्टी सांगते. या बायका सकाळी सातला निघतात, एक-दीडला परत येतात आणि चार-साडेचारला पुन्हा कामावर जातात. मधल्या वेळात गेलात तरच भेटतील. सकाळी गेलात तर ज्यांची कामं सुटलीत किंवा ज्या आजारी आहेत त्याच घरी सापडतील, आणि तुमचा ॲनिमिया फुगलेला दिसेल.

दुसरं, सोसायटीच्या ऑफिसातून वस्तीत आलात म्हणून दडपण गेलं असं धरू नका. घरात सासू असते, नवरा असतो. दारात उभं राहून विचारलंत तर उत्तर तेच देतील. अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामी असते, तिथे बोलवा.

घणसोलीची_पीजी

ताई, हे फार मोलाचं आहे. शंका 2 च्या उत्तरात दोन्ही घेते. निरक्षर बाईच्या अंगठ्याला साक्षीदार म्हणून आशाताईंना धरलं होतं. चालेल ना?

तुर्भे_नाका

आशाच तुम्हाला घरं दाखवणार ना? मग ती साक्षीदार कशी?

माजी_सचिव_ठाणे

अगदी नेमकं. साक्षीदार अभ्यासाच्या टीमचा नको, टीमकडून मानधन घेणारा नको. बाईने स्वतः निवडलेली, वाचता येणारी शेजारीण किंवा तिची मोठी मुलगी ठेवा. माहितीपत्रक पूर्ण वाचून दाखवताना ती हजर हवी, नुसती सहीपुरती नव्हे.

आणखी एक वाक्य तपासा. बहुतेक नमुन्यांत असतं: 'सहभाग न घेतल्यास आपल्या कामावर कोणताही परिणाम होणार नाही.' हे वचन तुमच्या हातातलं नाही, मालकिणीच्या हातातलं आहे. तुमच्या हातात आहे तेवढंच लिहा: आम्ही कोणालाही सांगणार नाही, आणि रिपोर्ट फक्त आपल्याच हातात देऊ.

घणसोलीची_पीजी

शंका 3 ला असं लिहिलंय: 'सदर वाक्य वगळले आहे. 2 मिलि रक्त (अर्ध्या चमच्याहून कमी) केवळ हिमोग्लोबिन तपासणीसाठी घेतले जाईल. तपासणीनंतर उरलेले रक्त साठवले जाणार नाही, जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार नष्ट केले जाईल.' आधी तिथे 'थोडेसे रक्त' होतं.

शंका 4 चा मसुदा: 'नव्या पद्धतीत सहभागींना त्यांच्या राहत्या वस्तीत, कामाच्या वेळेबाहेर भेटले जाईल. घरमालकांकडून कोणतीही माहिती, जागा वा वेळ घेतली जाणार नाही. परवानगी मागितल्यास कोणती बाई अभ्यासात आहे हे मालकांना कळेल, आणि ती आजारी असल्याच्या समजातून तिचे काम जाऊ शकते. म्हणून ही परवानगी जोडलेली नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाची परवानगी परिशिष्ट 5 मध्ये जोडली आहे.'

माजी_सचिव_ठाणे

उत्तम. शेवटी 'समितीचे मत भिन्न असल्यास कळवावे, त्यानुसार चर्चेस उपस्थित राहू' एवढं घाला. कारण देऊन नकार दिला तर कमिटीला राग येत नाही, शंका गाळून पुढे गेलात तर येतो.

शंका 3 मध्ये एक भर घाला. हिमोग्लोबिन 8 च्या खाली आलं तर काय करणार? ते गंभीर ॲनिमियात मोडतं. 'संदर्भित केले जाईल' एवढं पुरत नाही. कोण, किती वेळात, कुठे, हे लिहा.

घणसोलीची_पीजी

रिपोर्ट त्याच संध्याकाळी येतो. 8 च्या खाली असेल तर मी स्वतः त्याच दिवशी फोन करून दुसऱ्या दिवशी ऐरोली किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात सोबत नेईन. 8 ते 12 मधल्या बायकांना जवळच्या नागरी आरोग्य केंद्राची चिठ्ठी. घालते. फोनसाठी नंबर लागेल, तो वेगळ्या वहीत, नळीवर फक्त कोड.

तुर्भे_नाका

फोन बऱ्याचदा नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. फोनवर रिपोर्ट सांगू नका, 'भेटायला या' एवढंच सांगा.

आकडेमोड

एक राहिलं. ज्या मुली मालकांकडेच चोवीस तास राहतात, त्या वस्तीत सापडणारच नाहीत. रजिस्टरमधून त्या मिळाल्या असत्या. मग शीर्षकात 'घरकामगार स्त्रिया' कसं राहील?

माजी_सचिव_ठाणे

शीर्षकात 'वस्तीत राहणाऱ्या' घाला आणि मर्यादांमध्ये हे लिहा.

तुर्भे_नाका

पण सर, त्याच तर सगळ्यांत अडकलेल्या. त्यांना सोडून कसं चालेल?

माजी_सचिव_ठाणे

त्यांना मालकाच्या नजरेआड भेटायचा सुरक्षित मार्ग मला तरी माहीत नाही. तुमच्या गटात कुणी सुट्टीच्या दिवशी येतात का?

तुर्भे_नाका

दोघी-तिघी येतात, रविवारी. विचारून बघते, पण एवढ्यावर अभ्यास होणार नाही.

घणसोलीची_पीजी

शीर्षक बदललं तर विद्यापीठाला पुन्हा कळवावं लागेल, गाइड मॅडम त्याला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, मर्यादांमध्ये लिहिलं की पुरे. कमिटीने शीर्षकावरून अडवल्याचा कुणाला अनुभव आहे का? पत्र सोमवारी द्यायचंय.