रिफर्बिश्ड एस२१ एफई ११,५०० ला की नवा बजेट फोन १२,५०० ला?

इचलकरंजीची साडीवाली: मी घरून साड्या विकते. दिवसभर व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणं, यूपीआय आणि थोडं यूट्यूब, एवढाच वापर. एका दुकानात रिफर्बिश्ड गॅलेक्सी एस२१ एफई ११,५०० ला आहे, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. शेजारीच नवा ५जी फोन १२,५०० ला, ४ जीबी रॅम, एक वर्ष कंपनीची वॉरंटी. हजार रुपये वाचवून जुना घेणं शहाणपणाचं आहे का?

पै-पैचा हिशेब: नवाच घ्या. एस२१ एफई जानेवारी २०२२ मध्ये आला, कंपनीने पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट द्यायचं कबूल केलं होतं. ते जानेवारी २०२७ ला संपतात, म्हणजे आता वर्षभरही उरलं नाही. त्यात जुनी बॅटरी. ती बदलायला दोन हजार धरले तर साडेतेरा हजार झाले, मग वाचलं काय? आणि अपडेट थांबले की यूपीआय लगेच बंद पडतं. तुमचा सगळा धंदाच त्यावर.

काउंटरच्या मागून: अठरा वर्षं मोबाइल दुरुस्तीत आहे. हिशेबवाल्या दादांची तारीख बरोबर, यूपीआयचं चूक. ही अॅप्स आधी अँड्रॉइडची आवृत्ती बघतात, आणि एस२१ एफईला अँड्रॉइड १६ पर्यंत मिळालंय. ती अजून बरीच वर्षं चालतील. अपडेट संपल्यावर होतं एवढंच, की नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. धोका हळूहळू वाढत जातो, फोन एका रात्रीत मरत नाही.

पण ताई, साड्यांच्या फोटोंसाठी एस२१ एफई खरंच वरचढ आहे. मुख्य कॅमेऱ्याला हात हलला तरी सांभाळून घेणारं ओआयएस आहे, आणि वेगळी ३एक्स झूमची लेन्स आहे. जरीचा काठ ट्यूबलाइटखाली लांबून ओढून घेतलात तर धागा दिसतो. बारा हजारांच्या नव्या फोनवर ‘५० मेगापिक्सल’ लिहिलेलं असतं, पण बहुतेकांत ओआयएस नसतं आणि बाकीच्या लेन्सा खोक्यावरचा आकडा वाढवायला असतात.

आता खरी मेख. रिफर्बिश्डमध्ये मी बॅटरीपेक्षा पडद्याला जास्त घाबरतो. या फोनचा मूळ पडदा अॅमोलेड. तो फुटला की काही लोक स्वस्तातला कॉपी एलसीडी बसवतात, वरून चकाचक पुसतात आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतात. ओळखायचं कसं? पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करा आणि अंधाऱ्या जागी बघा. अॅमोलेडमध्ये काळं म्हणजे काळंकुट्ट, फोन बंद आहे की काय असं वाटतं. एलसीडी मागून राखाडी उजळतो. दुसरी खूण बोटाच्या ठशाची. या फोनचा सेन्सर पडद्याच्या आत आहे, एलसीडी बसवला की तो चालत नाही. दुकानदार म्हणेल ‘बोट ओलं असेल’. ऐकू नका. `*#0*#` डायल केलं की चाचणीचा मेन्यू येतो, त्यात लाल-हिरवा-निळा रंग पूर्ण पडद्यावर टाकून डाग आणि रेषा शोधा.

नागपूरचा संत्रा: मी तर गेल्या वर्षी आयफोन ११ जुना घेतला, मस्त चालू आहे राव! सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ ८१ टक्के दाखवते. तुम्हीपण आयफोनच घ्या न.

काउंटरच्या मागून: दादा, प्रश्न आयफोनचा नाही. शिवाय आयफोन ११ ला ५जी नाही. बॅटरी हेल्थचा आकडा दाखवतो ही सोय मात्र खरी, आणि मूळ नसलेला पडदा बसवला असेल तर तोही सेटिंग्जमध्ये दिसतो. सॅमसंगमध्ये आतल्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरी चांगली की कमजोर एवढंच शब्दात कळतं.

पै-पैचा हिशेब: यूपीआयबद्दल मान्य. पण पडदा उद्या त्यांच्या हातून फुटला तर? मूळ अॅमोलेड कितीला?

काउंटरच्या मागून: माझ्याकडे सात हजारांच्या आत येत नाही. नव्या बजेट फोनचा एलसीडी दोनेक हजारांत बसतो. तुमचा मुद्दा इथे जिंकतो, हे कबूल करतो. मोठ्या फोनची दुरुस्ती मोठ्या फोनच्याच भावाने होते, तो तुम्ही कितीलाही घेतलेला असो. शिवाय एकदा उघडलेल्या फोनचं आयपी६८ विसरा. मागचा गोंद निघाला की पाणी आत जातं.

चार जीबीचा बळी: मी दुसऱ्या बाजूने सांगते. ‘८ जीबी’ वाचून नवा फोन घेतला. घरी आल्यावर कळलं की खरी रॅम चारच, बाकी चार स्टोरेजमधून उसनी. त्यात स्टोरेजही हळू जातीचं. सहा महिन्यांनी गॅलरी उघडून व्हॉट्सअॅपला परत आलं की अॅप पहिल्यापासून सुरू होतं, अर्धा लिहिलेला मेसेज कुठल्या कुठे. दिवसाला पन्नास फोटो पाठवणाऱ्या बाईला हा त्रास रोजचा होईल. कंपनीची वॉरंटी याला कामाची नाही, कारण बिघडलेलं काहीच नसतं.

पै-पैचा हिशेब: मग पंधरापर्यंत वाढवून सहा जीबीचा नवा घ्या. त्या भावात चार-सहा वर्षं अपडेट देणारेही मिळतात.

चार जीबीचा बळी: त्यांनी पंधरा सांगितलेत का? साडेबारा म्हणाल्यात.

सांगलीचा पोस्टमन: एक राहिलं. माझ्या मेहुण्याने जुना फोन घेतला, दोन महिन्यांनी आपोआप लॉक. आधीच्या मालकाचे हप्ते थकले होते. पैसे देण्याआधी समोर फॅक्टरी रीसेट करायला लावा आणि सुरुवातीपासून सेटअप स्वतः करा. जुनं गूगल खातं मागितलं किंवा ‘हा फोन संस्थेच्या ताब्यात आहे’ असा मजकूर आला तर तिथेच ठेवून या. रीसेटने सगळं कळेलच असं नाही म्हणा, त्याचाही आधी नीटच सुरू झाला होता. चोरीचा आहे का तेही बघा. `*#06#` ने आयएमईआय काढा आणि `KYM` लिहून एक जागा सोडून पुढे तो १५ आकडी नंबर 14422 ला एसएमएस करा. ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर उत्तरात येतं.

इचलकरंजीची साडीवाली: आज दुकानात जाऊन आले. काळा फोटो लावून टेबलाखाली धरला तर कडेने राखाडी उजेड दिसत होता. सेटिंग्जमध्ये बोटाचा ठसा नोंदवायला गेले, तीन वेळा एरर. दुकानदार म्हणाला, ‘ताई, बोट ओलं असेल.’ मला हसूच आलं. त्याने आतून दुसरा पीस आणला. तो काळाकुट्ट आहे, ठसाही चालतो, पण बॅटरी ‘कमजोर’ दाखवते आणि भाव १२,२००. त्याच्यावर पैठणीचा पदर झूम करून काढलाय, जरीची वीण वेगवेगळी मोजता येते. नव्या फोनवर तोच पदर पिवळा धब्बा.

काउंटरच्या मागून: बॅटरी त्यालाच बदलून द्यायला लावा आणि त्या कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या, आयएमईआयसकट. तयार नसेल तर दोन हजार कमी करायला सांगा. आणि कार्ड टाकायला जागा नाही या फोनला. साड्यांचे फोटो कुठे ठेवणार ते आधी ठरवा.

पै-पैचा हिशेब: १०,२०० ला देत असेल तर मीही नाही म्हणणार नाही. १२,२०० ला माझं मत तेच.