शब्दचर्चा: ‘मुअज्जल’ मेहर म्हणजे रोख की उधार?

मीरा: एका निकाहनाम्याचा कोर्टासाठी अनुवाद करतेय. माझ्याकडे फक्त देवनागरी प्रत आहे. त्यात ‘मेहर ५१,००० रुपये, मुअज्जल’ असं लिहिलंय. एका कोशात याचा अर्थ ‘ताबडतोब द्यायची’, दुसऱ्यात ‘मुदतीने द्यायची’. बाईंचा तलाक झालाय, मेहरचा एक रुपयाही मिळालेला नाही.

दत्ता: मेहर म्हणजे मुलीच्या माहेरी द्यायची रक्कम ना? शब्दही सारखाच आहे.

नसीर: नाही दत्ताभाऊ. माहेर ‘मातृगृह’वरून आलं, मेहर अरबी आहे आणि ती नवरीची स्वतःची असते, वडिलांची नव्हे. मीराताई, तुमचे दोन्ही कोश बरोबर आहेत, कारण मुळात शब्दच दोन आहेत. उर्दू लिपीत मीम या अक्षरानंतर ऐन असेल तर रोख, हमजा घातलेला वाव असेल तर उधार. देवनागरीत ऐन हरवतो. मूळ उर्दू कागद मागवा. काही निकाहनाम्यांत सरळ ‘नगद’ किंवा ‘उधार’ लिहितात, ते सोयीचं.

मीरा: तलाकनंतर दोन्ही देणंच लागतं, मग फरक कशाला पडतो?

वकील_सोलापूर: पुराव्याला पडतो. ‘रोख’ वाचलं की नवरा म्हणतो, निकाहातच दिली. उधार मेहर तलाक होताच देय होते, त्यामुळे ‘तेव्हाच दिली’ म्हणणं त्याला जड जातं. अनुवादात अंदाज करू नका. शब्द जसाच्या तसा ठेवा आणि खाली टीप द्या.

दत्ता: पण खावटी तर तलाकनंतरच्या इद्दतच्या मुदतीपुरतीच, तीन महिने. पुढे काही नाही.

वकील_सोलापूर: मुस्लिम महिलांच्या घटस्फोटानंतरच्या हक्कांचा १९८६चा कायदा वरवर वाचला की तसंच वाटतं. पण त्यात ‘इद्दतमध्ये’ ही तरतूद *करून देण्याची* मुदत आहे. तरतूद मात्र पुढच्या आयुष्याची, हे सुप्रीम कोर्टाने २००१मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सांगितलं. बाईंनी कलम ३खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. त्यात मेहर, इद्दतचा खर्च, पुढची तरतूद आणि लग्नात मिळालेल्या वस्तू, सगळं एकत्र मागता येतं. सोबत निकाहनामा, तलाकचा कागद आणि नवऱ्याच्या कमाईचा जो मिळेल तो पुरावा. दरमहा पोटगी हवी असेल तर पूर्वीच्या कलम १२५चा, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या १४४चा रस्ताही खुला आहे. तेलंगणमधून आलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ला दिलेल्या निकालाने ते पक्कं झालं.

रुबीना: मी खुला घेतला, म्हणजे तलाक मीच मागितला. सासरच्यांनी ‘मेहर माफ’ लिहून घेतलं, तेव्हाच सही दिली. भांडीसुद्धा तिकडेच राहिली. आता सगळं गेलं का?

वकील_सोलापूर: भांडी तुमचीच, ती मागा. माफी मात्र राजीखुशीची हवी. तुमची सही कुणासमोर, कशा स्थितीत झाली ते सांगणारा साक्षीदार आहे का?

रुबीना: फक्त माझी मावशी होती.

नसीर: आपा, त्या कागदावर ‘माफ’ लिहिलंय की ‘अदा’? ‘अदा’ म्हणजे मेहर दिली. न देता तसं लिहिलं असेल तर तो कागदच खोटा.

रुबीना: उर्दूत आहे, मला वाचता येत नाही. उद्या फोटो टाकते.