संपादकीय घट्ट करताना: तुमचे अनुभव सांगा

माजी विद्यार्थी संघाच्या वार्तापत्राचं संपादकीय यंदा माझ्याकडे आलंय. ८०० शब्द झालेत. त्यात स्नेहमेळावा, ग्रंथालय, निवृत्त होणारे शिक्षक, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, शिवाय सगळ्यांचे आभार! ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा, तुम्ही काय काढलंत आणि कसं ठरवलंत?

जुनी संपादिका : माझा मसुदा असाच होता. मी कागदावर एकच वाक्य लिहिलं : वाचून झाल्यावर वाचकानं काय करायचं? उत्तर आलं, 'शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला महिन्यातून एक तास द्यायचा.' मग प्रत्येक परिच्छेद त्या वाक्यासमोर धरला. स्नेहमेळावा 'संघवृत्ता'त गेला, आभार शेवटच्या पानावरच्या चौकटीत, शिक्षकांवर वेगळा लेख झाला. उरले ३५० शब्द.

सुरुवात होती, 'सरत्या वर्षाचा आढावा घेताना मनस्वी आनंद होत आहे.' खरी सुरुवात चौथ्या परिच्छेदात दडली होती. तीच वर आणली : 'पगाराची अपेक्षा विचारली तर काय सांगायचं, असं एका मुलीनं मला मुलाखतीच्या आदल्या रात्री विचारलं. तिच्या घरात अशी मुलाखत कुणीच दिलेली नव्हती.'

शेवटी 'सर्वांनी पुढे यावे' असं होतं. त्याऐवजी लिहिलं, 'तीन महिने, महिन्यातून एक तास, फोनवर. नाव, बॅच आणि कामाचं क्षेत्र १५ तारखेपर्यंत कळवा.' आधीच्या अंकानंतर एकही पत्र आलं नव्हतं, या वेळी ११ जणांनी नावं दिली.

कमी शब्दवाला : माझ्या मते २०० शब्दांची मर्यादा घाला, बाकी आपोआप जमतं.

जुनी संपादिका : मर्यादेचा उपयोग होतो, पण २०० शब्दांतही पाच विषय बसवलेले मी पाहिलेत. प्रत्येकाला दोन ओळी, आणि वाचकाच्या हाती काहीच नाही. शीर्षक देऊन बघा. त्यात 'आणि' घालावं लागलं तर विषय दोन आहेत.

बॅच प्रतिनिधी : आमच्याकडे निम्म्या लोकांचे पत्ते जुने आहेत, अंक परत येतात. संपादकीयात पत्ता कळवायचं आवाहन टाकू का?

टंकलेखन करणारा : ते मुखपृष्ठाच्या आत चौकटीत टाका. आम्ही एकदा मार्गदर्शन आणि देणगी अशी दोन्ही आवाहनं शेवटी दिली. थोडी देणगी आली, मार्गदर्शनाला कुणीच नाही. पैसे देऊन आपलं झालं, असं लोकांना वाटलं असावं.

धागाकर्ती : 'कळवा' हे वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतंच, आत्ता लक्षात आलं. मार्गदर्शन ठेवते. पण अध्यक्ष म्हणतात, देणगीदारांची नावं संपादकीयातच हवीत. त्यांना चौकट कमीपणाची वाटते.

जुनी संपादिका : आमच्या अध्यक्षांना मी चौकट पहिल्या पानावर देऊ केली, तेव्हा ते तयार झाले. मात्र पहिल्या पानावरचा फोटो गेला, आणि त्यावरून छायाचित्रकार अजून नाराज आहेत.